एका महिन्याच्या टीडीएसवरून वर्षाचा पगार: बाराने गुणण्याआधी स्लिपचा शेजारचा रकाना वाचा

प्रश्न: पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो. एका अर्जदाराने जानेवारी २०२६ च्या पगाराच्या स्लिपची झेरॉक्स दिली आहे. कमाईची बाजू झेरॉक्समध्ये कापली गेली आहे, फक्त कपाती दिसतात. आयकर १३,०००, पीएफ ७,२००, प्रोफेशनल टॅक्स २००. शेजारी 'एप्रिलपासून एकूण' असा रकाना आहे, त्यात आयकर ७९,१०५ आणि पीएफ ७२,०००. आमचे मॅनेजर म्हणतात, १३,००० ला बाराने गुणा आणि उलटा हिशोब करून पगार काढा. असं चालतं का?

उत्तर:

बेळगावात टिळकवाडीला बसून वीस-बावीस वर्षं पगारदारांची रिटर्नं भरतोय. अशी अर्धी झेरॉक्स महिन्यातून एकदा तरी टेबलावर येतेच. तुमचं नशीब चांगलं, की कापली गेली ती कमाईची बाजू. 'एप्रिलपासून एकूण' हा रकाना कापला गेला असता, तर मी हात जोडले असते.

मॅनेजरसाहेबांचा हिशोब का चुकतो ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं आपोआप सुटतं. जानेवारीच्या स्लिपवरचे १३,००० हा जानेवारीच्या पगारावरचा कर नसतो. पगारावरचा टीडीएस कापताना मालकाने वर्षभराच्या पगाराचा अंदाज करायचा, त्यावरचा वर्षाचा कर काढायचा, आतापर्यंत कापलेला त्यातून वजा करायचा आणि जो उरेल तो उरलेल्या महिन्यांत वाटायचा, अशी रीत आहे. वर्षाच्या मध्येच अंदाज बदलला तर झालेली कमीजास्त पुढच्या कपातीत भरून काढायची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. म्हणजे एप्रिलमध्ये अंदाज बदलला तर फरक बारा महिन्यांत विरघळतो आणि जानेवारीत बदलला तर तोच फरक तीन महिन्यांच्या डोक्यावर बसतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या स्लिपा म्हणूनच सगळ्यात फसव्या. आणि लोक कर्जाला नेमक्या त्याच घेऊन येतात, कारण त्या ताज्या असतात.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा एका शिक्षकाची मार्चची स्लिप बघून मी असाच बाराने गुणून आकडा सांगितला. त्या शाळेत डिसेंबरपर्यंत काही कापतच नसत, सगळा कर शेवटच्या तीन महिन्यांत घ्यायचे. मी वर्षाचा कर चौपट धरला. समोरचे गृहस्थ म्हणाले, "इतका पगार असता तर मास्तरांनी कर्ज कशाला मागितलं असतं?"

आता तुमची स्लिप घेऊ. आधी मॅनेजरांच्या पद्धतीने जाऊ, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या कररचनेचे धरतो. ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. उलटं जाताना हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही, तीन मुक्काम लक्षात ठेवले की पुरे. करपात्र उत्पन्न १२ लाख असताना स्लॅबप्रमाणे कर ६०,००० होतो, १६ लाखांना १,२०,००० आणि २० लाखांना २,००,०००. त्यावर ४ टक्के सेस. आणि करपात्र उत्पन्न काढण्याआधी पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, ती शेवटी परत मिळवायची.

१३,००० गुणिले १२ म्हणजे १,५६,०००. सेस काढण्यासाठी १.०४ ने भागा, १,५०,०००. हा आकडा १,२०,००० च्या पुढे आहे, म्हणजे माणूस १६ लाखांच्या वर, २० टक्क्यांच्या पट्ट्यात. वरचे ३०,००० भागिले २० टक्के, १,५०,०००. करपात्र १७,५०,०००, वजावट मिळवली की पगार १८,२५,०००. महिना दीड लाखाच्या वर. कागदावर एकदम चोख दिसतं, कुठेही गुणाकार चुकलेला नाही.

आता शेजारचा रकाना. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत एकूण ७९,१०५ कापलेत. जानेवारीचे १३,००० काढले की एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांचे ६६,१०५ राहतात. नऊने भागा. ७,३४५ येतात, पूर्ण, पैसासुद्धा उरत नाही. या नऊ महिन्यांची कपात कमीजास्त होत गेली असती तर असा नि:शेष भाग जाण्याची शक्यता कमी. म्हणजे हा माणूस डिसेंबरपर्यंत दर महिन्याला ७,३४५ भरत होता आणि जानेवारीत काहीतरी घडलं. जवळजवळ दुप्पट कपात झाली ती काय घडल्यामुळे, हाच तुमच्या फाइलीचा खरा प्रश्न.

आधी वर्षाचा खरा कर काढू. जानेवारीत मालकाने उरलेला कर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च असा तीन महिन्यांत वाटलाय. जानेवारीचे १३,००० रकान्यात आलेच आहेत, पुढचे दोन महिने आणखी २६,०००. ७९,१०५ अधिक २६,००० म्हणजे वर्षाचा कर १,०५,१०५. १.०४ ने भागा, १,०१,०६२ रुपये ५० पैसे. हा १,२०,००० च्या आत आहे, म्हणजे १६ लाखांचा टप्पा गाठलेलाच नाही, आपण १५ टक्क्यांच्या पट्ट्यात आहोत. ६०,००० वजा करा, ४१,०६२.५० उरतात, भागिले १५ टक्के म्हणजे २,७३,७५०. करपात्र उत्पन्न १४,७३,७५० आणि वर्षाचा पगार १५,४८,७५०. मॅनेजरांच्या १८,२५,००० पेक्षा पावणेतीन लाखांनी कमी, आणि हा आकडासुद्धा तुमच्या कामाचा नाही. त्यात जानेवारीत घडलेलं ते 'काहीतरी' मिसळलंय.

ते वेगळं करायला डिसेंबरपर्यंतची कपात घ्या. तेव्हा मालकाचा अंदाज काय होता? ७,३४५ गुणिले १२ म्हणजे ८८,१४०. सेस काढला की ८४,७५०. ६०,००० वजा, २४,७५०, भागिले १५ टक्के, १,६५,०००. करपात्र १३,६५,००० आणि पगार १४,४०,०००. बाराने भागा: महिना १,२०,०००. असा गोल आकडा आला की मी जरा सुखावतो. पगार ठरवणारी माणसं गोल आकड्यांत विचार करतात. उलट्या हिशोबातून गोल आकडा निघाला, तर आपण धरलेली कररचना आणि धरलेली वजावट बरोबर असण्याची शक्यता खूप वाढते.

दुसरा साक्षीदार पीएफ. कामगाराची पीएफ कपात मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के असते. ७,२०० भागिले १२ टक्के म्हणजे ६०,०००, म्हणजे १,२०,००० च्या बरोबर निम्मा. मूळ पगार निम्मा ठेवण्याची पद्धत सर्रास आहे, तेव्हा हेही जुळलं. (पीएफ १,८०० दिसला तर मात्र हा साक्षीदार मुका. मालकाने १५,००० च्या मर्यादेवर कपात थांबवलेली असते, त्यावरून मूळ पगार कळत नाही.) पीएफचा एकूण रकाना तर जास्त बोलका आहे. ७२,००० म्हणजे ७,२०० गुणिले १०. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत मूळ पगार एक रुपयाने हललेला नाही. म्हणजे जानेवारीत पगारवाढ मिळालेली नाही, कारण वाढ मिळाली असती तर पीएफही वाढला असता.

मग घडलं काय? १५,४८,७५० वजा १४,४०,०००, म्हणजे १,०८,७५० रुपये मालकाच्या अंदाजात जानेवारीत नव्याने आले. बहुधा एकरकमी इन्सेंटिव्ह किंवा बोनस, ज्यावर पीएफ कापला जात नाही. पण इथे मी बोट वर करतो. टीडीएसवरून एवढंच कळतं की १,०८,७५० आले, कुठून आले ते कळत नाही. नोकरदार आपलं दुसरं उत्पन्न, म्हणजे बँकेचं व्याज, घरभाडं, मालकाला कळवू शकतो आणि मालक ते धरून कर कापू शकतो. एखाद्याचा शहापुरात गाळा भाड्याने असेल आणि त्याने जानेवारीत ते कळवलं, तर आकडे हुबेहूब असेच दिसतील. हे झेरॉक्सवरून सुटणारं नाही, अर्जदाराला विचारायचं: "जानेवारीत एकदम काही मिळालं होतं का, की बाहेरचं उत्पन्न ऑफिसात कळवलंत?" बोनस असेल तर हप्ता ठरवताना सोडून द्या. भाडं असेल तर करारपत्र मागा.

फरक किती मोठा आहे बघा. मॅनेजरांच्या हिशोबाने महिना १,५२,०००, खरा नियमित पगार १,२०,०००. निम्म्या पगारापर्यंत हप्ता बसवायची तुमची पद्धत असेल, तर तुम्ही महिना सोळा हजारांचा हप्ता अशा पैशावर बसवला असतात जो त्या माणसाच्या खात्यात येतच नाही.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो. काही ऑफिसं बोनसवरचा सगळा कर त्याच महिन्यात कापून मोकळी होतात, उरलेल्या महिन्यांत वाटत नाहीत. तसं असेल तर फेब्रुवारी-मार्चला १३,००० धरणं चूक, तिथे पुन्हा ७,३४५ येतील. मग वर्षाचा कर ७९,१०५ अधिक १४,६९०, म्हणजे ९३,७९५ होतो आणि बोनस ३६,२५० इतकाच निघतो. दोन्हीतलं कोणतं, ते फेब्रुवारीची स्लिप सांगेल. पण नियमित पगाराचा १,२०,००० हा आकडा दोन्हीकडे तोच राहतो, कारण तो डिसेंबरपर्यंतच्या कपातीतून काढलाय. म्हणूनच मी नेहमी शांत महिन्यांवरून हिशोब करतो.

आता तुमच्या टेबलावर उद्या येणाऱ्या दुसऱ्या स्लिपेबद्दल, कारण तिथे याहून मोठी चूक होते. समजा कुणाचा टीडीएस वर्षभर महिना २,६०० आहे. वर्षाचे ३१,२००, सेस काढून ३०,०००. स्लॅबच्या तक्त्यात ३०,००० कर शोधलात तर करपात्र ९ लाख, पगार ९,७५,००० असं उत्तर येतं. साफ चूक. नव्या रचनेत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. ९ लाखवाल्याच्या स्लिपवर आयकराची ओळच नसते. मग ३०,००० आले कुठून? १२ लाखांच्या जरा पुढे गेलेल्या माणसाला एकदम ६०,००० चा दणका बसू नये म्हणून सवलत आहे: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे या माणसाचं करपात्र उत्पन्न १२,३०,००० आणि पगार १३,०५,०००. तक्त्याच्या उत्तरापेक्षा ३,३०,००० जास्त.

हा पट्टा करपात्र १२,७०,५८८ पर्यंत चालतो, तिथे सवलत संपते आणि नेहमीचा स्लॅब सुरू होतो. महिन्याच्या टीडीएसच्या भाषेत सांगायचं तर साधारण ६,११८ रुपयांपर्यंत. गंमत अशी, की या अरुंद पट्ट्यात टीडीएसवरून पगार सगळ्यात अचूक निघतो. इथे महिना १,००० चा फरक म्हणजे वर्षाच्या पगारात जेमतेम साडेअकरा हजारांचा फरक. पुढे १५ टक्क्यांच्या पट्ट्यात तेच १,००० रुपये पगारात जवळपास ७७,००० चा फरक करतात, म्हणजे तुमच्या अंदाजातली छोटी चूक तिथे मोठी होऊन बाहेर पडते. आणि टीडीएस शून्य असेल तर उत्तर एकच: पगार १२,७५,००० किंवा त्याच्या आत. तीन लाख की बारा लाख, ते या ओळीवरून कळणारच नाही. तिथे पीएफकडे वळा.

प्रोफेशनल टॅक्सकडून फार आशा ठेवू नका. कर्नाटकात महिना २५,००० आणि त्यावर पगार असला की २०० रुपये, म्हणजे २५ हजारवाला आणि अडीच लाखवाला दोघांचेही २००. पूर्वी फेब्रुवारीत ३०० दिसले की मी लगेच ओळखायचो, हा शिनोळीच्या एमआयडीसीत किंवा गडहिंग्लजकडे नोकरीला, कारण ती पद्धत महाराष्ट्राची. एप्रिल २०२५ पासून कर्नाटकातही फेब्रुवारीचे ३०० झाले आणि ती खूणही गेली. सीमेच्या अलीकडे-पलीकडे निदान या एका बाबतीत एकमत झालं म्हणायचं. स्लिप कन्नडमध्ये असेल तर 'आदाय तेरिगे' म्हणजे आयकर आणि 'वृत्ति तेरिगे' म्हणजे हा प्रोफेशनल टॅक्स. घाईत दोन्ही 'तेरिगे' एकच समजून बेरीज केलेल्या फाइली मी पाहिल्यात.

आतापर्यंतचा सगळा हिशोब नव्या कररचनेवर आहे. २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर नोकरदाराने ऑफिसला तसं कळवावं लागतं. पण कळवणारे अजून आहेत आणि तिथे ही पद्धत ढिली पडते. जुन्या रचनेत वर्षाचा तोच १,०५,१०५ कर करपात्र ९,४२,८०० च्या आसपास निघतो. त्यावर वजावटी किती मिळवायच्या? प्रमाणित ५०,००० नक्की. एलआयसी-पीएफचे दीड लाखांपर्यंत, घरकर्जाचं व्याज दोन लाखांपर्यंत, वर घरभाड्याची सूट आणि आरोग्यविमा. काहीच नसेल तर पगार दहा लाखांच्या आत, सगळं असेल तर चौदाच्याही पुढे. इतक्या रुंद उत्तराला अंदाज म्हणवत नाही. त्यातून जुनी रचना घेतलेल्याने पावत्या वेळेत दिल्या नाहीत तर मालक जानेवारीपासून वजावटी काढून टाकतो आणि कपात अशीच उडी मारते, पगार होता तिथेच असतो. ओळखायचं कसं? स्लिपच्या तळाशी कराचा तपशील छापलेला असला आणि त्यात '८०सी' दिसलं, तर जुनी रचना. तुमच्या अर्जदाराचा आकडा नव्या रचनेत १,२०,००० असा गोल आणि पीएफवरून निघालेल्या मूळ पगाराच्या बरोबर दुप्पट बसला, म्हणून मी जुनीचा विचार सोडला.

अर्जदार तोंडी 'पॅकेज सोळा लाख' म्हणाला तर लगेच खोटारडा ठरवू नका. पॅकेजमध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरतात, ती या १४,४०,००० मध्ये नाही. मालकाचा पीएफच वर्षाला ८६,४०० होतो. त्यावर एकरकमी बोनस धरला की सोळा लाख सहज होतात. फक्त १४,४०,००० च्या वरचा यातला कुठलाही पैसा हप्ता भरायला दर महिन्याला हातात येत नाही.

फाइलीत काय लावायचं, ते शेवटी. माझा हा हिशोब पेन्सिलने समासात लिहा, मंजुरी त्यावर देऊ नका. अर्जदाराला डिसेंबरची पूर्ण स्लिप आणायला सांगा आणि आयकराच्या पोर्टलवरून त्याने स्वतः उतरवलेलं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा खात्याकडचा उतारा. मालकाने ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, तेव्हा फेब्रुवारीत डिसेंबरपर्यंतच्या नोंदी बहुधा आलेल्या असतात. त्यात टीडीएसच्या शेजारी दिलेल्या पगाराची रक्कमही असते, म्हणजे उलटा हिशोब करायची गरजच उरत नाही. मी वर म्हटलं ते बरोबर असेल, तर डिसेंबरअखेर त्या कागदावर दिलेली रक्कम १०,८०,००० आणि कापलेला कर ६६,१०५ दिसेल. रुपया-दोन रुपये इकडेतिकडे झाले तर ते पूर्णांकाचे, सोडून द्या. पण कर ६६,१०५ आणि पगार भलताच असेल, किंवा जानेवारीच्या स्लिपवर छापलेल्या कंपनीचं नावच त्या कागदावर नसेल, तर झेरॉक्सची ती बाजू मशीनमुळेच कापली गेली का, हे अर्जदाराला समोर बसवून विचारा.